डाळिंबाची वही आणि छंदाचा रकाना

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेचा तो सविस्तर अर्ज, ज्याला मुलं नुसतं 'डॅफ' म्हणतात, भरताना सगळ्यात कमी वेळ ज्या रकान्याला मिळतो तो छंदांचा. सेवांचा पसंतीक्रम ठरवायला मुलं रात्री घालवतात. जन्मगाव, वडिलांचा व्यवसाय, पदवीचं वर्ष हे तर लिहायचंच असतं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही असं वाटतं. मग उरतात छंद, खेळ, बक्षिसं, पदं. तिथे अर्ज सादर करण्याच्या आदल्या दिवशी मित्राच्या अर्जाकडे बघून काहीतरी लिहिलं जातं. वाचन. ट्रेकिंग. समाजसेवा. गेली काही वर्षं मी पुण्यात मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींचे अर्ज वाचतो आणि त्यांच्याशी त्यावर बोलतो. हे तीन शब्द इतक्या अर्जांत भेटतात, की ते कोणाच्या अर्जात आहेत यावरून त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही.

मुलाखत 275 गुणांची आणि अंतिम यादी 2025 गुणांवर लागते. मंडळासमोर तुमचे लेखी परीक्षेचे गुण नसतात. असते ती तुमची माहिती, अर्जातून उतरवलेली. आयोगाचे एक सदस्य अध्यक्ष म्हणून बसतात, सोबत आणखी काही जाणकार असतात, आणि तुम्ही दारातून आत येता तेव्हा तुमच्याविषयी त्यांना जे ठाऊक असतं ते जवळजवळ सगळं तुम्हीच लिहून दिलेलं असतं. परीक्षेच्या अधिसूचनेत मुलाखतीचं वर्णन आहे. ती कठोर उलटतपासणी नाही, स्वाभाविक पण दिशा असलेला, हेतू असलेला संवाद आहे, असं तिथे म्हटलंय. त्याच वर्णनात काय जोखलं जातं तेही आहे. आकलन, तर्कशुद्ध मांडणी, निर्णयातला समतोल यांच्याबरोबर 'आवडींचं वैविध्य आणि खोली' आहे आणि 'बौद्धिक व नैतिक सचोटी'ही आहे. छंदाच्या एका ओळीवर यातल्या दोन गोष्टी एकदम उघड होतात, म्हणून ही ओळ इतक्या घाईत लिहिली जावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

एका अर्जाची गोष्ट सविस्तर सांगतो. मुलगी सांगोला तालुक्यातली, घरी दोन एकर डाळिंब. संगणक अभियांत्रिकीची पदवी 2022 ची, त्यानंतर चौदा महिने नोकरी, मग पूर्णवेळ अभ्यास. वैकल्पिक विषय मराठी साहित्य. तिच्या कच्च्या अर्जात छंद होते: वाचन, ट्रेकिंग, स्वयंपाक, समाजसेवा. उपलब्धींत होतं: जिल्हास्तरीय खो-खो खेळाडू.

आम्ही एकेका शब्दावर बसलो. वाचनाबद्दल विचारलं, तर गेल्या दोन वर्षांत अभ्यासाबाहेरचं काही वाचून झालं नव्हतं. त्यात काही गैर नाही, या परीक्षेत दोन वर्षं अशीच जातात. पण वैकल्पिक विषय साहित्य असताना छंदातही वाचन लिहिलं, की मंडळ साहजिकच अभ्यासक्रमाबाहेरचं विचारणार, आणि नेमकं तेच तिच्याकडे नव्हतं. ट्रेकिंग म्हणजे कॉलेजच्या गटाबरोबर राजगड आणि हरिश्चंद्रगड. राजगडाच्या तीन माच्या तिला आठवल्या: पद्मावती, सुवेळा, संजीवनी. पण संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी का बांधली असेल, हा प्रश्न तिला तिथे उभी असताना पडला नव्हता आणि नंतरही नाही. दोनदा गडावर जाणं खोटं नव्हतं. ती सहल होती, छंद नव्हता, एवढंच. समाजसेवा म्हणजे एका दिवसाचं वृक्षारोपण. तो शब्द तिने स्वतःच खोडला.

स्वयंपाक खरा होता, पण ती त्याबद्दल बोलायला लागली की दोन वाक्यांत संपायचं. आवड असणं आणि आवडीबद्दल बोलता येणं यांत फरक असतो. बोलता येत नसलेली खरी आवड अर्जात नसली तरी चालते. सगळं लिहिलंच पाहिजे असं बंधन नाही, जे लिहिलंय ते मात्र खरं हवं.

मग ती घरच्या गोष्टींकडे वळली, तेव्हा वहीचा विषय निघाला. वडील बागेचा खर्च लिहून ठेवायचे, पण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे. म्हणून 2014 मध्ये, नववीत असताना, ही वही तिच्याकडे आली. तारीख, काम, मजूर किती, औषध कोणतं, डिझेल, खत. माल गेला की आडत्याकडून आलेली हिशोबाची पट्टी तारेला लावायची आणि तिच्यावरचं वजन, भाव, हमाली, तोलाई वहीत उतरवायची. पुण्यात आल्यावरही वडील फोनवर सांगत आणि ती लिहीत असे. पुढे तिने ते सगळं संगणकावरच्या तक्त्यात घातलं.

मी म्हणालो, "हे अर्जात का नाही?"

ती म्हणाली, "सर, हा काय छंद आहे? घरचं काम आहे."

हा संकोच मी खूप ठिकाणी पाहिला आहे, खास करून शेतकरी घरातल्या मुलांत. छंद म्हणजे काहीतरी शहरी, फावल्या वेळातलं, थोडं खर्चिक असायला हवं, अशी कुठेतरी समजूत बसलेली असते. माझं मत वेगळं आहे. कोणी सक्ती न करता, मार्क किंवा पैसे न मिळता, वर्षानुवर्षं एखादी गोष्ट माणूस करत राहिला आणि ती करताना त्याला प्रश्न पडले, तर तो छंद. तिने दहा वर्षांहून जास्त काळ ती वही लिहिली होती, आणि कोणत्या वर्षी तेल्या रोगामुळे निम्मा बहार गेला हे ती तक्ता न उघडता सांगत होती.

ओळ कशी लिहायची यावर मात्र बराच वेळ गेला. तिने पहिल्यांदा लिहिलं, 'शेतीच्या अर्थकारणाचं विश्लेषण'. ऐकायला भारदस्त, पण तिने विश्लेषण केलेलं नव्हतं. तिने नोंदी केल्या होत्या. ओळीतलं क्रियापद हे एक वचन असतं. 'विश्लेषण' म्हटलं की मंडळातला अर्थशास्त्राचा माणूस सरळ पद्धत विचारणार, आणि तो विचारणारच, कारण तुम्हीच ते लिहिलंय. शेवटी ओळ झाली: 'घरच्या डाळिंब बागेचा जमाखर्च लिहिणे, 2014 पासून'. त्यात काय केलं, कशाचं, कधीपासून, एवढंच आहे, आणि यातला एकही शब्द तिला कधी मागे घ्यावा लागणार नाही.

त्यानंतर आम्ही त्या ओळीवर प्रश्न विचारत गेलो. खरं काम इथे होतं. चांगल्या ओळीवर प्रश्न एकातून एक निघतात, आणि कुठे थांबावं लागतं ते दिसतं.

पहिला प्रश्न सोपा होता: सर्वांत मोठा खर्च कोणता? तिने लगेच सांगितलं, फवारणी आणि मजुरी. दुसरा: पट्टीवर आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, कोणाकडून कापली जाते? इथे तिची वही कामाला आली. महाराष्ट्रात 2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला गेला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तिच्याकडे त्याच्या आधीच्याही पट्ट्या होत्या आणि नंतरच्याही. त्या शेजारी ठेवल्या की शासनाचा एक निर्णय एका घरापर्यंत कसा पोचला, आडतीच्या रकान्यात काय बदललं आणि बाकी कपातींत काय बदललं नाही, हे कागदावर दिसत होतं. ही माहिती तिला कोणत्याही नोट्समध्ये मिळाली नसती.

तिसरा प्रश्न मी सहज विचारला होता. "एका वर्षाचा हिशोब सांग." तिने एक बेताचं वर्ष काढलं, तेल्याने नुकसान केलेलं. दोन एकरांत विक्री 4,20,000 रुपये. वहीतला खर्च 2,90,000. शिल्लक 1,30,000.

"आई बागेत काम करते?"

"रोज करते, सर."

"तिची मजुरी कुठे लिहिली आहेस?"

ती गप्प झाली. वहीत बाहेरून आलेल्या प्रत्येक मजुराची हजेरी होती. आईची नव्हती, वडिलांचीही नव्हती. हे तिच्या एकटीच्या वहीचं वैशिष्ट्य नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या बहुतेक वह्यांत घरच्यांचे हात खर्चात धरलेले नसतात, कारण त्यासाठी खिशातून पैसा जात नाही. तिने घरी फोन करून अंदाज घेतला. त्या वर्षी आईचे साधारण 140 दिवस बागेत गेले, वडिलांचे 180. गावात त्या वर्षी बाईची मजुरी 300 होती आणि पुरुषाची 500. म्हणजे आईचे 42,000 आणि वडिलांचे 90,000, मिळून 1,32,000. आता शिल्लक काढली तर दोन हजारांचा तोटा निघाला. ज्या वर्षाला ते घर बेताच्या नफ्याचं वर्ष म्हणत होतं, त्या वर्षी दोघांनी फक्त आपापली मजुरी कमावली होती, आणि तीही पूर्ण नाही.

(बाईच्या आणि पुरुषाच्या मजुरीतल्या दोनशे रुपयांच्या फरकाकडे तिचं लक्ष तिथेच गेलं. त्यावर प्रश्न येऊ शकतो हे मला तिला सांगावं लागलं नाही.)

मग तिला जाणवलं की अभ्यासात पाठ केलेली एक गोष्ट हीच होती. शेतमालाचा उत्पादन खर्च मोजताना खिशातून गेलेला खर्च म्हणजे ए2, त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचं मोल मिळवलं की ए2+एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचं व्याज धरलं की सी2. केंद्र सरकारने 2018-19 पासून हमीभाव ए2+एफएलच्या किमान दीडपट ठेवण्याचं धोरण घेतलं आणि शेतकरी संघटना सी2च्या दीडपटीची मागणी करत आल्या आहेत. हे वाक्य ती परीक्षेत कितीदा तरी लिहून आली होती. तिची वही ए2 होती. आई-वडिलांचे दिवस मिळवल्यावर 4,22,000 झाले ते ए2+एफएल. दोन एकरांचा खंड धरला तर तोटा आणखी वाढणार होता. 

इथे एक धोका आहे आणि तो मी तिला दाखवला. आपल्या वहीत इतकं सापडल्यावर माणूस उत्साहाने पुढच्या पायरीवर उडी मारतो: "म्हणून डाळिंबालाही हमीभाव द्यायला हवा." मंडळाने विचारलं तर हे वाक्य टिकणार नाही. हमीभाव ठरावीक 22 पिकांना जाहीर होतो, त्यात डाळिंब नाही, आणि त्याला कारणं आहेत. फळ नाशवंत आहे, सरकारने घेतलं तरी गहू-तांदळासारखं वर्षभर गोदामात ठेवता येत नाही. आकार, रंग आणि डागांप्रमाणे एकाच झाडावरच्या फळांचे भाव वेगळे पडतात, मग हमी कोणत्या प्रतीला? तिने यावर विचार करून जे उत्तर बांधलं ते मला आवडलं. ती म्हणाली, माझ्या वहीवरून एवढंच म्हणता येतं की घरचे श्रम न मोजल्यामुळे आम्हाला आमचा खर्च कमी दिसत होता. भाव काय असावा हे एका बागेवरून सांगता येणार नाही.

तिला आणखी एक प्रश्न विचारला: तोटा आहे तर बाग काढत का नाही? याचं उत्तर तिला शेतातलं माहीत होतं, ते फक्त कधी शब्दांत मांडलेलं नव्हतं. डाळिंबाची बाग दरवर्षी पेरायचं पीक नव्हे. लावल्यावर पहिली काही वर्षं नुसता खर्च असतो, आणि एकदा धरायला लागली की मृग, हस्त किंवा आंबे, असा बहार निवडून शेतकरी दरवर्षी पुन्हा प्रयत्न करू शकतो. एक वर्ष तेल्याचं गेलं म्हणून झाडं उपटणं म्हणजे आधीची सगळी वर्षं पाण्यात घालणं. माण नदीच्या त्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात कमी पाण्यावर येणारी दुसरी नगदी पिकं फार नाहीत, हेही आहेच. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. त्याची तेल्याबद्दलची शिफारस काय आणि घरी प्रत्यक्ष काय करतात, यातलं अंतर तिला ठाऊक होतं, कारण औषधांची नावं वहीत होती. बहार धरण्याआधी बागेला विश्रांती द्यायची हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पण कर्जाचा हप्ता आला की ते होत नसे.

खऱ्या ओळीला मर्यादा असते आणि ती कुठे लागते हे आधीच कळलं पाहिजे. माझी त्यासाठी एक साधी खूण आहे. उत्तर देताना 'मी', 'आम्ही', 'आमच्याकडे' असे शब्द येत राहिले तर माणूस अजून आपल्या जमिनीवर आहे. ज्या वाक्यापासून 'शेतकऱ्यांनी असं करायला हवं', 'शासनाने तसं करावं' सुरू होतं, तिथे अनुभव संपून वाचलेलं सुरू झालेलं असतं. वाचलेलं बोलायला हरकत नाही, पण आपण ती सीमा ओलांडलीय हे आपल्याला कळायला हवं, आणि शक्य तर मंडळालाही सांगायला हवं. निर्यातीच्या डाळिंबातल्या कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाबद्दल विचारलं, तेव्हा ती सरळ म्हणाली, आमचा माल निर्यातीला गेलेला नाही, त्यामुळे हे मी वाचून सांगते. मला ते उत्तर चोख वाटलं.

खो-खोवर फार वेळ लागला नाही, पण ती ओळ नाजूक होती. 'जिल्हास्तरीय खो-खो खेळाडू' हे पूर्ण खरं नव्हतं. 2015 मध्ये तिच्या शाळेचा संघ जिल्ह्याला गेला, त्या बारा जणींत ती होती, आणि तिथल्या सामन्यांत ती मैदानात उतरली नाही. संघ बारांचा, मैदानात नऊ, तीन राखीव. ती राखीव. आम्ही लिहिलं: 'शालेय खो-खो संघाची सदस्य, जिल्हा स्पर्धा, 2015'. राखीव हा शब्द ओळीत घालायचा का, यावर आम्ही दोघं थोडं अडलो. मला तो अर्जात अनावश्यक वाटला, कारण संघाची सदस्य हे वाक्य जे सांगतं ते खरंच आहे, जास्तीचं काही सुचवत नाही. पण कोणत्या जागेवर खेळायचीस असं विचारलं की पहिल्याच वाक्यात राखीव होते हे सांगायचं, तिसऱ्या प्रश्नावर काढून घ्यायला लावायचं नाही, हे ठरलं. 'खेळाडू' आणि 'सदस्य' यांतलं अंतर लहान दिसतं. मंडळातल्या कोणी शाळेत खो-खो खेळलेलं असेल, तर दोन प्रश्नांत ते उघडं पडतं: संरक्षकांच्या पहिल्या तिघींत होतीस का? खांबाजवळ कशी वळायचीस? 

तिला खेळाची खरी जाण होती, ती राखीव बसूनच आली होती. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला, महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राकडून खेळणारे. म्हणून खो-खो लिहिलं की हा प्रश्न येणार हे धरून चालावं. पण त्याहून चांगला प्रश्न आहे मातीतला खेळ मॅटवर गेल्यावर काय बदललं. 2022 मध्ये सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगमध्ये 'वझीर' आला, म्हणजे कोणत्याही दिशेला पळू शकणारा आक्रमक. ज्या खेळाचा सगळा डाव आक्रमकाने दिशा बदलायची नाही या बंधनावर उभा आहे, त्यात एकाला ते बंधन सोडवलं, तर संरक्षकाचं हुलकावणीचं कसब किती उरतं? तिला यावर मत होतं, आणि ते तिचं स्वतःचं होतं.

पार्श्वभूमीच्या रकान्यांबद्दल थोडंच सांगण्यासारखं आहे. वडिलांचा व्यवसाय 'शेती', त्यात भर घालून 'प्रगतशील शेतकरी' लिहू नये. नोकरीचे चौदा महिने चौदाच लिहावेत, आणि त्यानंतरचा काळ अभ्यासाचा होता तर तसंच सांगावं. सांगोला लिहिलं की माण नदी, टेंभू आणि म्हैसाळ उपसा योजना, खिलार जनावरं आणि एकाच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख यांच्याबद्दल बोलता आलं पाहिजे. यातलं बरंचसं त्या गावात वाढलेल्या माणसाकडे असतंच, फक्त ते पुन्हा एकदा आठवून घ्यावं लागतं.

एक गोष्ट मराठी माध्यमातून मुलाखत देणाऱ्यांसाठी. अर्ज बहुतेक जण इंग्रजीत भरतात, मंडळ ती इंग्रजी ओळ वाचतं आणि तुमचं मराठी उत्तर दुभाष्यामार्फत ऐकतं. पट्टी, बहार, आडत, तोलाई हे शब्द दुभाष्याला ठाऊक असतीलच असं नाही. तिने प्रत्येकासाठी एकेक लहान वाक्य तयार ठेवलं. पट्टी म्हणजे विक्रीनंतर आडत्या देतो तो हिशोबाचा कागद, असं एकदा सांगितलं की पुढे तोच शब्द वापरता येतो.

अर्ज एकदा सादर झाला की त्यातले शब्द तेच राहतात, बाग मात्र चालू असते. अर्ज आणि मुलाखत यांच्यात काही महिने जातात, तेवढ्यात एखादा बहार येऊन जातो आणि भाव बदलतो. म्हणून मुलाखतीच्या आठवड्यात तिने घरी फोन करून तीन गोष्टी विचारून घ्यायच्या असं आम्ही ठरवलं: शेवटची पट्टी कोणत्या तारखेची, भाव काय लागला, आणि आईची हजेरी आता वहीत लिहिली जाते का.